समेवर दोन

खर्जबुवांच्या सूनबाईने तो नवा मजकूर पहिल्यांदा वाचला, तेव्हा हातातला चहा तिने तसाच बेसिनमध्ये ओतला. 

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण फिल्मच्या धंद्यात तिला सगळे असंच म्हणत. तिचे सासरे आयुष्यभर निवेदन करत आलेले. आवाज इतका खोल की लोकांनी त्यांचं नाव खर्जबुवा ठेवलं. ती संकलन करी, म्हणजे चित्र, आवाज आणि संगीत कापून-जोडून फिल्म उभी करी. ड्रायक्लीनरच्या दुकानावर त्यांचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. एका खोलीत तिचं टेबल आणि स्पीकर, दुसऱ्या खोलीत गाद्या ठोकलेल्या भिंती, माइक आणि बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, उंच खुर्ची. मधे काच. नवरा बाहेरगावी नोकरीला होता. सासरे-सुनेचं जमायचं ते बरंचसं या काचेमुळे, असं बाबा गमतीने म्हणत.

फिल्म एका चामड्याच्या कारखान्याची होती. कारखान्याला पन्नास वर्षं पुरी होत होती. फिल्म करवून घेतली होती थोरल्या मालकीणबाईंनी. त्यांनी एकच अट घातली होती. दोन वर्षांपूर्वी सांडपाण्याच्या टाकीत तीन माणसं मेली, ते फिल्ममध्ये आलं पाहिजे. झाकायचं नाही.

टाकीतला गाळ उपसायला पहिला उतरला, तो वायूने गुदमरून पडला. त्याला काढायला दुसरा उतरला, आणि दोघांना काढायला तिसरा. कुणाकडे मुखवटा नव्हता, कंबरेला दोर नव्हता.

तेव्हाचा मजकूर छोटा होता. त्यावर मास्तरांनी संगीत बांधलं. मास्तर म्हणजे संगीतकार. हट्टी, म्हातारे आणि कानाचे फार तिखट. टाकीच्या भागाला त्यांनी सेकंदाला एक ठोका अशी संथ लय धरली, चार-चार ठोक्यांची आवर्तनं. खाली चेलो, बाबांच्या आवाजाच्याच पट्टीतला. त्यामुळे दोघं एकदम बोलले तर दोघंही बुडणार. म्हणून मास्तरांनी प्रत्येक आवर्तनात चेलोला दोन ठोके गप्प ठेवलं होतं, आणि त्या जागेत बाबांनी एकेक नाव घ्यायचं. एका आवर्तनात एक नाव. तीन आवर्तनं, तीन नावं. चौथ्यात, "वर कुणीच आलं नाही." मग एक आख्खं आवर्तन रिकामं, चेलोच्या स्वराची नुसती विरत जाणारी आस. त्यानंतर बासरी.

चित्रही सूनबाईने तसंच बसवलं होतं. टाकीच्या कठड्यावर तिघांच्या चपलांचे जोड, घरच्यांनी जपून ठेवलेले, चित्रीकरणासाठी आणून दिलेले. प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, एक जोड. कापणी ठोक्याच्या अगदी किंचित आधी केली होती, कारण डोळ्याला नवं चित्र समजायला क्षणभर लागतो. ते समजेपर्यंत सम येते आणि दोन्ही एकदम आदळतात.

मास्तरांनी वादक बोलावून हे एका दमात वाजवून घेतलं होतं. करारात त्यांनी लिहून घेतलं होतं की संगीत कापायचं नाही, ताणायचं नाही, आकसवायचं नाही. मालकीणबाईंनी वाचून सही केली होती.

मग मालकांच्या घरात भांडण झालं. मालकीणबाईंना बाजूला सारून त्यांचा धाकटा भाऊ खुर्चीत बसला. समारंभ तोंडावर आला होता. फिल्म तीच, लांबी तीच, संगीत तेच, कारण पुन्हा वादक जमवायला वेळ नव्हता. फक्त मजकूर नवा. तो घेऊन कारखान्याचा प्रसिद्धी अधिकारी आला.

हा अधिकारी नखशिखांत चकचकीत होता. बूट चकचकीत, कपाळ चकचकीत, बोलणंही. सतत च्युइंगगम चघळायचा आणि अत्तर एवढं लावायचा की त्या बंद खोलीत सूनबाईचं डोकं भणाणून जाई. त्या अत्तराच्या खालून चामड्याचा, कमावण्याआधीच्या ओल्या कातड्याचा वास यायचा. किंवा येत नसेलही. तिला मात्र यायचा.

"फार काही नाही हो मॅडम," तो म्हणाला. "फक्त टोन बदललाय. थोडं पॉझिटिव्ह."

टाकीच्या जागी आता हे वाक्य होतं: "सुरक्षिततेच्या सर्वोच्च निकषांचं काटेकोर पालन करत असतानाही एका अनपेक्षित, दुर्दैवी प्रसंगी आपल्या विस्तारित कुटुंबातील काही सदस्यांची साथ आपल्याला पुढे लाभू शकली नाही."

चहा ओतून ती परत आली तेव्हा बाबा चष्मा कपाळावर सरकवून ते वाक्य पुटपुटत होते. एका हाताने मांडीवर ठोके.

"बाबा, हे वाचणार तुम्ही?"

"वाचायला काय. मी साबण विकलाय, सिमेंट विकलंय, निवडून न येणारे पुढारी विकलेत. आवाज भाड्याने दिलेला असतो, पोरी. भाडेकरू कसा आहे ते घरमालक कुठे बघतो?"

"बघतो. चांगला असेल तर बघतो."

बाबा हसले. काचेपलीकडे जाऊन खुर्चीवर बसले, हेडफोन चढवला.

तिने संगीत लावलं. बाबांनी नेहमीच्या शांत गतीने वाचलं. "काटेकोर पालन" चेलोच्या स्वरावर पडलं आणि चिखलात रुतलं. "विस्तारित कुटुंबातील"पर्यंत चौथं आवर्तन आलं होतं. "काही सदस्यांची साथ" सगळं रिकाम्या आवर्तनात सांडलं, आणि बासरी सुरू झाली तेव्हा बाबा अजून "शकली नाही" म्हणत होते. बासरी आणि "नाही" यांची टक्कर ऐकून त्यांनीच हेडफोन काढला.

"दारात अडकलेली म्हैस," ते म्हणाले. "ना आत, ना बाहेर."

"थोडं फास्ट वाचा ना," अधिकारी म्हणाला.

बाबांनी भरभर वाचलं. वेळेत बसलं, पण लिलाव पुकारल्यासारखं झालं. मेलेल्या माणसांचा लिलाव.

"मग संगीत हळू करा. कॉम्प्युटरवर होतं ना सगळं?"

"करता येत नाही. करारात नाही, आणि केलं तर चेलो ताणलेल्या रबरासारखा वाजेल. ऐका." तिने एका वेगळ्या प्रतीवर करून दाखवलं. चेलोचा लांब स्वर थरथरायला लागला, जणू वाजवणाऱ्याला हुडहुडी भरलीय. अधिकाऱ्याला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण त्याने मान हलवली.

"आणि काकांचा आवाज मशीनवर दाबला?"

तिने तेही केलं. खर्जाचा खरखरीत डबा झाला.

"म्हणजे शब्द कापावे लागतील," ती म्हणाली. "जागा एवढीच आहे. ठोक्यांत हवा भरता येत नाही."

मग सुरू झाली ती घासाघीस. "सर्वोच्च निकष" गेले. अधिकाऱ्याने ते सोडताना दात उपटल्यासारखं तोंड केलं. "अनपेक्षित" गेलं. "विस्तारित" गेलं. सूनबाईच्या एक लक्षात आलं आणि तिला आणखी किळस आली. एकेक मऊ शब्द काढला की त्याच्याखालून काहीतरी ओलं, सडलेलं दिसायला लागत होतं, आणि तो माणूस लगेच त्यावर दुसरा मऊ शब्द टाकत होता. कुजलेल्या फळाला पुन्हा पुन्हा मेण लावावं तसं.

शेवटी उरलं: "एका दुर्दैवी प्रसंगी काही सहकारी आपल्याला सोडून गेले."

"सोडून गेले?" बाबा म्हणाले. "नोकरी सोडून गेले असं वाटतं. जास्त पगारावर."

"तुम्ही असं वाचा की तसं वाटणार नाही."

बाबांनी वाचलं. आता लांबी बसत होती. चेलोच्या गप्प जागांत तुकडे नीट पडत होते. पण तिसऱ्या समेवर नेमका "काही" येत होता.

"हा 'काही' चालणार नाही," बाबा काचेपलीकडून म्हणाले. "समेवर पोकळ शब्द आला की कान दचकतो. ऐकणारा विचारतो, काही म्हणजे किती? तिथे वजनदार शब्द पाहिजे."

"'काही' पुढे ढकला मग," अधिकारी म्हणाला.

"पुढे ढकलला तर चेलो गिळतो," सूनबाई म्हणाली. "अलीकडे आणला तर 'दुर्दैवी' तुटतं. ही जागा आकड्याचीच आहे. तिथे तीन हवं."

अधिकारी चघळायचा थांबला. "ते मला वरून विचारावं लागेल," तो म्हणाला आणि जिन्यात जाऊन फोन करत बसला.

उत्तर घेऊन धाकटे मालक स्वतः आले. त्यांना कल्पना सुचली होती. एवढं वाक्य ते आपल्या आवाजात म्हणणार. मालक स्वतः बोलतोय म्हटल्यावर लोकांना आपलेपणा वाटेल.

पन्नाशीचा गुबगुबीत माणूस. सँडविच खात खातच वर आला आणि माइकसमोर बसल्यावरही खात होता. हेडफोनमधून सूनबाईला त्यांच्या जिभेचा प्रत्येक चपचपाट ऐकू येत होता. दातांच्या फटीतून काढलेला तुकडा, ढेकर, बोटं चाटणं. माइक चांगला होता. काही म्हणजे काही सुटत नव्हतं. बाबा आता तिच्या बाजूला, काचेच्या अलीकडे स्टुलावर बसले होते.

मालकांना लय नव्हती. संगीत सुरू झालं की ते घाबरून आधीच बोलायचे, किंवा मान डोलावत बसायचे आणि समेला विसरायचे. सूनबाईने काचेतून हाताने खूण करायचं ठरवलं. हात वर, मग खाली, की बोला.

"एका दुर्दैवी प्रसंगी," मालक म्हणाले आणि थांबले. कागदावर सूनबाईने 'काही' खोडून 'तीन' लिहिलं होतं. "ए, तीन का लिहिलंय इथे?"

"सर, तीनच होते," अधिकारी म्हणाला.

"दोन. तिसरा कंत्राटदाराचा होता. आपल्या हजेरीपटावर नव्हताच तो. वकिलाने सांगितलंय, कुठेही तीन म्हणायचं नाही. तीन म्हटलं की उद्या त्याची बायको दारात." मग त्यांनी काचेतून सूनबाईकडे पाहिलं. अगदी सभ्यपणे, कपड्याचा रंग निवडताना विचारावं तसं. "बाई, तीनच्या जागी दोन म्हटलं तर तुमच्या ठोक्याला काही फरक पडतो का?"

 खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. पण हा प्रश्न तिच्या कामाचा होता, आणि कामात ती कधी खोटं बोलली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "दोन्हींना तेवढाच वेळ लागतो."

"मग झालं तर!"

संगीत सुरू झालं. तिने हात वर केला. आणि या वेळी, का कोण जाणे, त्या माणसाने समेवर बरोब्बर शब्द टाकला. केसभरही इकडेतिकडे नाही. "दोन." चेलो गप्प झाला त्या क्षणी, खणखणीत. मग "सहकारी आपल्याला सोडून गेले." मग रिकामं आवर्तन.

अधिकाऱ्याने टाळी वाजवली. "वा सर! एका टेकमध्ये!"

 सगळ्यात वाईट हे होतं की ते बसलं होतं. तिच्या कानाने, वर्षानुवर्षं घासलेल्या कानाने, तिच्या परवानगीशिवाय दाद दिली होती. ठोक्याला खरंच काही फरक पडला नव्हता.

"आणि मॅडम," अधिकारी पडद्याकडे बोट दाखवत म्हणाला, "त्या चपला. तीन जोड आहेत. तिसरा काढून टाका. त्या जागी सरांचा झाड लावतानाचा शॉट टाका. एक आवर्तन भरून निघेल, हो ना? तुमच्याच भाषेत सांगतोय."

तो च्युइंगगम दातांत धरून हसला. पांढरा, चावून चावून मेलेला गोळा.

बाबा स्टुलावरून उठले. गुडघे धरत हळूच उठले, पण आवाज मात्र त्यांच्या सगळ्यात खालच्या पट्टीतला होता.

"या फिल्ममधला माझा आवाज काढायचा," ते म्हणाले. "सगळा. पहिल्या वाक्यापासून."

"काका, तुमचं बाकीचं तर छान झालंय. या वाक्यात तुम्ही नाहीच."

"मी त्याच्या आधी बोलतो आणि त्याच्या नंतर बोलतो. म्हणजे मी त्याला खांदा देतोय. माझा खांदा नाही मिळणार."

"बाबा," सूनबाई म्हणाली, "आत्ता तर म्हणालात, भाडेकरू कसा आहे ते घरमालक बघत नाही."

"बघत नाही. पण घरात प्रेत पुरायला लागला तर बघतो."

मालक काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेच होते. त्यांना वाटलं अजून एक टेक आहे. त्यांनी अंगठा दाखवून विचारलं, "ओके ना?"

सूनबाईने बाबांचा आवाज पुसला आणि यंत्र बंद केलं. हार्ड डिस्कची वायर काढली, ती डिस्क कापडी पिशवीत घालून अधिकाऱ्याच्या हातात दिली. "चित्र, संगीत, सगळं यात आहे. बाबांचा आवाज मी पुसलाय. दुसरीकडे करून घ्या."

"मॅडम, समारंभ परवा आहे!"

"मग घाई करा."

तो आणि मालक गेल्यावर तिने खिडक्या उघडल्या, माइकवरची फोमची टोपी काढून कचऱ्यात टाकली आणि साबणाने हात धुतले. मग पुन्हा धुतले. बाबा पुन्हा स्टुलावर टेकले. म्हणाले, "तू खरं सांगायला नको होतंस त्याला. फरक पडतो म्हणायचं."

"मग त्याने दुसऱ्याला विचारलं असतं."

"हं. ते आहेच."

समारंभाचं निमंत्रण त्यांना आलं नाही, पण मास्तरांना आलं होतं. तेच दोघांना बरोबर घेऊन गेले. झालं ते सूनबाईने त्यांना सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले की आधी कानाने ऐकू द्या.

मोठा हॉल, पुढच्या रांगेत पाहुणे, सगळीकडे फुलं आणि फुलांखालून तोच वास. फिल्म सुरू झाली. कुठल्यातरी स्टुडिओत घाईघाईत केलेली. निवेदकाचा आवाज गोड, तुपाळ. टाकीचा भाग आला. चपलांचा एक जोड. दुसरा जोड. तिसऱ्या समेवर मालक झाड लावताना, हसत. त्यांचाच आवाज, "दोन सहकारी आपल्याला सोडून गेले."

मग रिकामं आवर्तन यायला हवं होतं. ते आलंच नाही. कुणालातरी ती शांतता चूक वाटली असणार, आवाज गेला असं वाटलं असणार. त्याने ती कापून टाकली होती. चेलोची आस मध्येच तुटली आणि बासरी चार ठोके आधी येऊन आपटली. अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं झालं.

हॉलमध्ये कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शेवटी टाळ्या झाल्या, जोरदार. समोरची एक बाई डोळे पुसत होती.

मास्तर मात्र खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. टाळ्या थांबायच्या आत ते उठले आणि तिघं बाहेर पडले. जिन्यावर ते म्हणाले, "चार मात्रा खाल्ल्या हरामखोरांनी."

"आणि एक माणूस," सूनबाई म्हणाली.

मास्तर थांबले. त्यांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं, किंवा आलं होतं पण नंतर. ते ओशाळले. "हो," म्हणाले. "हो गं. पण माणसाचं मी काय करणार? माझ्या हातात मात्राच आहेत."

त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली. करारात स्पष्ट होतं. एकतर संगीत पूर्ण वाजवा, नाहीतर एक सूरही वापरू नका. कारखान्याचे वकील धावत आले. वकिलांना हे लगेच समजलं. चार मात्रा मोजता येत होत्या. कुठून कापल्या ते आवाजाच्या आलेखात दाखवता येत होतं. फिल्म सगळीकडून उतरवली गेली. माफीचं पत्र आलं, छापील, शिक्का मारलेलं. तिसऱ्या माणसाबद्दल त्यात अक्षर नव्हतं, कारण नोटिशीत विचारलेलंच नव्हतं.

थोरल्या मालकीणबाईंनी फोन करून जुनी फिल्म मागितली. सूनबाईकडे तिची प्रत होती. ती दिली. तिसऱ्याच्या बायकोला ती त्यांनी घरी बोलावून दाखवली, असं कळलं. ती शेवटपर्यंत पाहत बसली आणि उठताना फक्त म्हणाली, चपला तेवढ्या परत द्या. चपला कारखान्यात कुठे गेल्या ते कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून सूनबाई कारखान्यात गेली. डिस्क परत घ्यायची होती हे निमित्त. स्वागतकक्षात मोठा पडदा लावला होता आणि त्यावर फिल्म चालू होती. नवी. चित्रं बहुतेक तीच, टाकी नाही, चपला नाहीत, आणि खाली विकत आणलेलं तयार संगीत, टुणटुण, टुणटुण, ज्याला ना सुरुवात ना शेवट. कुठलंही वाक्य कुठेही ठेवा, बसायचंच.

अधिकारी बाहेर आला. डिस्क दिली, वर हातही पुढे केला. "बघा, किती सोपं झालं," तो पडद्याकडे पाहत म्हणाला. "हे म्युझिक कुठेही कापा, काही कळत नाही. आधीच हे घ्यायला हवं होतं. चहा घेणार?"

"चपला हव्यात. तीन जोड. चित्रीकरणाला आणले होते ते."

"त्या? त्या तेव्हाच टाकल्या असतील हो. जुन्या होत्या."

"कुठे टाकल्या?"

त्याने खांदे उडवले आणि मागच्या बाजूला, जिथे गाळ साठवत त्या दिशेला, बोट केलं.

ती गेली. पहारेकऱ्याने अडवलं, पण तिने कशासाठी ते सांगितल्यावर तो स्वतः काठी घेऊन बरोबर आला. ढिगाऱ्यात केस, चरबी, कातड्याच्या कडा, वर माश्यांचा थर. नाकाला पदर लावूनही तिला दोनदा बाजूला जाऊन ओकावं लागलं. संध्याकाळपर्यंत एक जोड पूर्ण सापडला आणि दुसऱ्याची एक चप्पल. कुणाच्या होत्या ते तिला माहीत होतं. चित्रपट्टीवर तिने त्या शेकडो वेळा मागेपुढे केल्या होत्या. तिसऱ्याच्या त्यांत नव्हत्या.

पहारेकरी म्हणाला, "बाई, उद्या या. मी उजेडात पुन्हा उकरतो."

तिने सापडलेल्या तीन चपला नळाखाली धुतल्या. चामडं होतं, वास जाईना.